विश्लेषण : ‘आता काय होईल?’ लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवताना कुठे थांबावे, काय विचारावे?

तीन-चार वर्षांचे मूल आवडती गोष्ट शब्दन् शब्द म्हणून दाखवते. पान उलटण्याआधीच पुढचे वाक्य बोलते. घरातले खूश होतात आणि गोष्ट समजली असे धरून चालतात. पण ‘वाघाने म्हातारीला सोडून का दिलं?’ असे विचारले, की तेच मूल गप्प होते किंवा ‘वाघ चांगला होता म्हणून’ असे सांगून टाकते. गोष्ट पाठ होणे वेगळे आणि समजणे वेगळे. हा फरक लक्षात येतो तो वाचताना विचारलेल्या प्रश्नांमुळे. मात्र प्रश्न चुकीच्या जागी आला, किंवा मुलाच्या उत्तराचे पुढे काहीच झाले नाही, तर गोष्टीची रंगत जाते आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेल्या म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचे उदाहरण घेऊन हे प्रश्न कसे विचारायचे ते पाहू.

प्रश्न विचारत वाचण्याची पद्धत कुठून आली?

गोष्ट सांगताना ‘मग काय झालं असेल?’ असे विचारणे आजी-आजोबांना नवे नाही. त्याचा मुलांच्या भाषेवर काय परिणाम होतो, याचा गाजलेला अभ्यास ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात साधारण दोन ते तीन वर्षे वयाची २९ मुले होती. दोन्ही गटांतील पालक मुलांना पुस्तके वाचून दाखवत होते. एका गटातील पालकांना मात्र वेगळी पद्धत शिकवली होती: नुसते वाचायचे नाही, मुलाला बोलते करायचे, त्याच्या उत्तरात थोडी भर घालायची आणि हळूहळू गोष्ट त्याच्याकडे सोपवायची. एका महिन्यानंतर या गटातील मुले बोलण्यातून व्यक्त होण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटापेक्षा सुमारे साडेआठ महिने पुढे होती. या पद्धतीला संवादी वाचन म्हणता येईल.

अभ्यास छोटा होता आणि मुले सुस्थितीतील घरांमधली होती. पुढे २००८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा १६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. संवादी वाचनाचा फायदा त्यातही दिसला. पण चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये आणि प्रतिकूल परिस्थितीतील मुलांमध्ये तो बराच कमी होता. याचा अर्थ मोठ्या मुलांना तेच सोपे प्रश्न विचारत राहिल्याने फारसे साधत नाही. दोन वर्षांच्या मुलासाठी ‘हे कोण आहे?’ हा प्रश्न पुरेसा असतो. चार वर्षांच्या मुलाला त्यापुढचे प्रश्न लागतात. पुढे काय होईल आणि तसे का होईल, हे त्यातले मुख्य.

अंदाज बांधताना मूल नेमके काय करते?

‘आता काय होईल?’ याचे उत्तर देण्यासाठी मुलाला आतापर्यंतची गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चित्रात किंवा वाक्यात असलेली खूण हेरावी लागते आणि स्वतःच्या अनुभवाशी तिची सांगड घालावी लागते. म्हणून अंदाज बरोबर आला की चुकला, याला फार महत्त्व नाही. तो कशाच्या आधारावर बांधला, हे पाहायचे असते.

यातून एक साधा क्रम तयार होतो. आधी अंदाज विचारायचा. मग तसे का वाटले ते विचारायचे. पान उलटून पुढचे वाचले, की त्या अंदाजाकडे परत यायचे. बहुतेक घरांत पहिली पायरी होते आणि पुढच्या दोन राहून जातात. मूल काहीतरी सांगते, मोठा माणूस ‘बघू या’ म्हणतो, पान उलटते आणि अंदाज तिथेच विरून जातो. मग आपण काहीही बोललो तरी चालते, हे मुलाच्या लवकरच लक्षात येते आणि ते खरोखरच काहीही बोलू लागते.

गोष्टीत थांबायचे कुठे?

त्यासाठी पुस्तक आधी एकदा मोठ्यांनी स्वतः वाचून ठेवावे लागते. थांबण्याची योग्य जागा ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत. त्या पानावर एखादे पात्र अडचणीत सापडलेले असावे किंवा त्याला काही ठरवायचे असावे. आणि अंदाज बांधता येईल अशी एखादी तरी खूण तोपर्यंत येऊन गेलेली असावी. खूण नसेल तर तो अंदाज राहत नाही, नुसते कोडे होते.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत अशा तीन जागा सहज सापडतात. म्हातारी लेकीकडे निघाली आहे, वाट जंगलातून आहे आणि वाघ समोर येऊन तिला खायची भाषा करतो, ही पहिली जागा. त्याला समजावून ती पुढे जाते आणि दुसरा प्राणी आडवा येतो, ही दुसरी. लेकीकडे खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झालेल्या म्हातारीला परत त्याच वाटेने घरी यायचे असते, ही तिसरी. पहिल्या वाचनात एवढे तीन थांबे पुरतात. पानोपानी थांबले तर आधी काय झाले होते तेच मूल विसरते.

मुखपृष्ठावरचा एक प्रश्न वेगळा. ‘ही गोष्ट कशाबद्दल असेल?’ हा लहान मुलासाठी फार मोघम होतो. त्याऐवजी ‘म्हातारीच्या पाठीवर गाठोडं आहे, ती कुठे निघाली असेल?’ असे विचारले, तर बोट ठेवायला जागा मिळते. मुखपृष्ठावरच भोपळ्यात बसलेली म्हातारी असेल, तर मात्र गोष्टीतले गुपित तिथेच फुटते. अशा वेळी मुखपृष्ठावर फार न रेंगाळता थेट पहिले पान उघडावे.

प्रत्यक्षात हा संवाद कसा होतो?

समजा, चार वर्षांची नात आणि तिची आजी हे पुस्तक पहिल्यांदाच वाचत आहेत. वाघ आडवा आला आहे. आजी पुढचे पान हाताने दाबून धरते आणि थांबते.

‘आता म्हातारी काय करेल गं?’

‘पळून जाईल.’

‘पळून जाईल? असं का वाटलं तुला?’

‘वाघ खातो ना!’

‘हो, वाघ तिला खाणार आहे, म्हणून ती पळेल. बरं, म्हातारीच्या हातात काय आहे बघ.’

‘काठी.’

‘कशाला लागते तिला काठी?’

‘चालायला. तुझ्यासारखी.’ नात थोडी थांबते. ‘मग ती नाही पळणार. काठीने मारेल.’

‘बघू या हं.’

पान उलटते. म्हातारी वाघाला सांगते, की आत्ता मला खाऊन तुला काय मिळणार. लेकीकडे जाते, चांगली जाडजूड होऊन येते, मग खा. आजी पुन्हा थांबते.

‘तू म्हणालीस काठीने मारेल. मग तिने काय केलं?’

‘बोलली.’

‘काय बोलली?’

‘नंतर खा.’

‘बरोबर. आत्ता नको, लेकीकडून जाडजूड होऊन आले की मग खा, असं म्हणाली.’

नातीचे दोन्ही अंदाज चुकले. पण आजीने एकदाही ‘चूक’ म्हटले नाही. तिने चित्रातल्या काठीकडे बोट दाखवले आणि नातीने आपला अंदाज स्वतःच बदलला. खूण पाहून मत बदलणे, हीच समजून वाचण्याची सुरुवात असते. शेवटी आजीने नातीच्या दोन शब्दांचे पूर्ण वाक्य करून परत दिले. ही भर छोटीच असावी. मूल दोन शब्द बोलले तर मोठ्यांनी आठ-दहा शब्दांचे वाक्य करावे, भाषण देऊ नये.

यात न दिसणारी गोष्ट म्हणजे शांतता. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत पाहिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि त्यांत कारणे येऊ लागली. ती मुले मोठी होती. चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला त्याहून थोडा जास्तच वेळ लागू शकतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजले तरी पुरते.

चुकीच्या उत्तरातून काय कळते?

‘वाघाने म्हातारीला का सोडलं?’ हा या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. त्याचे उत्तर पुस्तकात एका वाक्यात लिहिलेले नसते, ते जुळवावे लागते. म्हातारी आता हडकुळी आहे, लेकीकडे ती खाईल-पिईल, परत येताना अंगाने भरलेली असेल, म्हणजे वाघाला जास्त खायला मिळेल. हे दुवे जुळले तरच वाघाचे वागणे कळते. ‘वाघ चांगला होता म्हणून’ हे उत्तर आले, तर यातला एखादा दुवा तुटला आहे. तो कोणता, हे शोधता येते.

कधी शब्दच अडतो. शहरातल्या अनेक मुलांनी ‘लेक’ हा शब्द ऐकलेलाच नसतो. म्हातारी कुणाकडे गेली, असे विचारल्यावर मूल गोंधळले, तर ‘लेक म्हणजे तिची मुलगी, जशी आई ही आजीची लेक’ एवढे सांगून पुढे जावे. कधी आठवण अडते. म्हातारी काय बोलली हेच मूल विसरलेले असते. तेव्हा मागचे पान उघडून तेवढी वाक्ये पुन्हा वाचावीत. त्याला आठवत नाही म्हणून आणखी प्रश्न विचारून उपयोग नसतो.

शब्द कळला, वाक्यही आठवले आणि तरी उत्तर तेच आले, तर अडचण कारण जोडण्यात आहे. अशा वेळी प्रश्न लहान करावा. ‘आत्ता म्हातारी बारीक आहे की जाड?’ ‘परत येताना कशी असेल?’ ‘मग वाघाला कधी जास्त खायला मिळेल?’ तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक वेळा मुलाच्या डोळ्यांत चमक दिसते. नाही दिसली, तर मोठ्यांनी कारण सरळ सांगून टाकावे आणि तो प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या वाचनात पुन्हा विचारावा.

वाघाला माहीत आहे का, आत कोण आहे?

भोपळा घरंगळत येतो तिथे एक वेगळ्याच जातीचा प्रश्न दडलेला आहे. आत म्हातारी आहे हे मुलाला ठाऊक असते, वाघाला नसते. ‘भोपळ्यात कोण आहे?’ असे विचारले तर मूल पटकन उत्तर देते. ‘भोपळ्यात कोण आहे हे वाघाला माहीत आहे का?’ असे विचारले की तीन वर्षांची बरीच मुले ‘हो’ म्हणतात. आपल्याला जे माहीत ते सगळ्यांनाच माहीत, असे त्यांना वाटत असते.

हाइन्झ विमर आणि योजेफ पेर्नर या संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा गाभा हाच होता. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? अगदी लहान मुले नव्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट आता तिथे आहे हे त्यांना माहीत असते. साधारण चार वर्षांनंतर मुले मॅक्सीच्या जागी राहून विचार करू लागतात.

भोपळ्याची सगळी गंमत वाघ फसण्यात आहे. वाघाला आत कोण आहे ते माहीत आहे असे मुलाला वाटत असेल, तर भोपळा पाहून ते हसेल, पण वाघ फसला हे त्याला कळलेले नसेल. म्हणून इथे ‘आता काय होईल?’ विचारण्याआधी ‘वाघाला भोपळ्यात काय दिसतंय?’ हे विचारावे. तीन वर्षांच्या मुलाचे उत्तर चुकले, तर वाद घालू नये. उशीखाली एखादे खेळणे लपवून ‘हे बाबांना दिसतंय का?’ असा खेळ खेळता येतो. बाकीचे काम वय करते.

तीच गोष्ट पुन्हा वाचताना काय विचारावे?

मुलांना एकच गोष्ट रोज हवी असते आणि प्रश्नांच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. मात्र दुसऱ्या वाचनात ‘आता काय होईल?’ हा प्रश्न अंदाजाचा राहत नाही. शेवट माहीत असल्याने ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. म्हणून प्रश्न बदलायला हवेत.

दुसऱ्या वाचनात ‘का’ आणि ‘कसं’ येऊ द्यावे. ‘म्हातारी परत येताना चालत का आली नाही?’ ‘भोपळा नसता तर ती कशात लपली असती?’ हा शेवटचा प्रश्न पुन्हा अंदाजाचाच आहे, पण आता पुस्तकाबाहेरचा. मूल ‘पेटीत’ म्हणाले तर ‘पेटी घरंगळेल का?’ असे विचारता येते. भोपळाच का, हे मग त्याला आपोआप कळते.

तिसऱ्या-चौथ्या वाचनात पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि चित्रे पाहून त्याला गोष्ट सांगू द्यावी. मोठ्यांनी फक्त ‘मग?’ म्हणावे. त्याच्या सांगण्यात ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द येतात का, याकडे लक्ष ठेवावे. ‘वाघ आला, मग म्हातारी गेली, मग भोपळा आला’ ही नुसती घटनांची माळ झाली. ‘वाघ खाईल म्हणून ती भोपळ्यात बसली’ या एका वाक्यात मात्र गोष्ट समजल्याचा पुरावा आहे. याच वेळी गोष्ट घराशीही जोडता येते. ‘तू आजोळी गेलास तेव्हा काय काय खाल्लंस?’ या प्रश्नाने लेकीकडचा पाहुणचार मुलाला जवळचा वाटतो.

अंगणवाडीत आणि मोबाइलवर काय वेगळे करावे लागते?

वीस-पंचवीस मुलांसमोर ‘आता काय होईल?’ विचारले, की एक चुणचुणीत मूल उत्तर देते आणि बाकीची तेच ओरडतात. त्यावर सोपा उपाय आहे. दोन-तीन मुलांचे अंदाज घ्यावेत आणि मग सगळ्यांना कृती द्यावी: ‘म्हातारी पळेल असं ज्यांना वाटतं त्यांनी हात डोक्यावर ठेवा, वाघाशी बोलेल असं वाटतं त्यांनी हात गालावर.’ एकही शब्द न बोलणाऱ्या मुलालाही त्यामुळे काहीतरी ठरवावे लागते. मूल अहिराणीत, गोंडीत किंवा घरच्या अन्य कोणत्या भाषेत उत्तर देत असेल, तर उत्तर तसेच स्वीकारावे आणि भर घालताना मराठी वाक्य जोडावे. इथे भाषेपेक्षा विचार महत्त्वाचा असतो.

‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके मोफत वाचता येतात. पुस्तके विकत घेणे शक्य नसलेल्या घरांसाठी ही चांगली सोय आहे. पण मोबाइलवर मुलाचे बोट आपल्या प्रश्नाच्या आधीच पडद्यावर फिरते आणि पुढचे चित्र दिसते. म्हणून फोन मोठ्यांनी धरावा. ‘पान तू उलट, पण मी म्हटल्यावर’ असे आधीच ठरवून घ्यावे. आपोआप पुढे सरकणाऱ्या व्हिडिओत थांबायला जागाच नसते. तिथे ठरवलेल्या तीन ठिकाणी व्हिडिओ थांबवावाच लागतो.

काय टाळावे?

‘हा रंग कोणता?’, ‘किती झाडं आहेत?’ हे प्रश्न चित्रावरचे आहेत, गोष्टीचे नाहीत. वाघ समोर उभा असताना झाडे मोजायला लावली, तर म्हातारीचे काय होणार ही उत्सुकताच तुटते. ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते, त्या प्रश्नाला ‘का बरं?’ची जोड हवी. शेवटी ‘मग या गोष्टीचं तात्पर्य काय?’ असे विचारण्याची सवयही सोडलेली बरी. चार वर्षांचे मूल ठरीव वाक्य म्हणून दाखवते आणि गोष्ट पुन्हा पाठांतराकडे वळते.

कधी थांबावे, हेही मूलच सांगते. ते ‘तू वाच ना’ म्हणाले, स्वतःच पान ओढू लागले किंवा प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणू लागले, तर त्या दिवशीचे प्रश्न संपले असे समजावे आणि गोष्ट सलग वाचावी. झोपेला आलेल्या मुलाला तर नुसते ऐकू द्यावे.

प्रश्न रुजल्याची खूण मात्र वेगळी असते. काही आठवड्यांनी एखादे नवे पुस्तक उघडले जाते. अडचणीची जागा येते आणि मोठा माणूस घाईत पान उलटू लागतो. तेव्हा मूलच पानावर हात ठेवते आणि म्हणते, ‘थांब, आधी मी सांगतो काय होईल ते.’